३६५ कुणाचे, ३८२ कुणाचे?

"आकडे पन्नास वेळा लिहून काढा, आपोआप बसतात. तक्ते आखणं म्हणजे वेळेची नासाडी. हवेच असतील तर कुणाचे तरी तयार तक्ते झेरॉक्स करून घ्या."

परीक्षेची तयारी करताना हा सल्ला हमखास मिळतो. पण तिसऱ्या-चौथ्या ओळीनंतर हात फक्त वरची ओळ उतरवत असतो, आठवण्याचं काम होतच नाही. महाराष्ट्राचं लिंग-गुणोत्तर ९२९, हे मी वहीचं पान भरून लिहिलं होतं. पेपरात ९२९ आणि ९४३ शेजारीशेजारी आले आणि मी ९४३ रंगवला. दोन्ही आकडे पाठ होते, कुठला कुणाचा ते नव्हतं.

ती चूक तक्त्याने सुटली. २०११ च्या जनगणनेचा माझा तक्ता एवढाच:

| | भारत | महाराष्ट्र | फरक |
|---|---|---|---|
| घनता (दर चौ. किमी) | ३८२ | ३६५ | −१७ |
| लिंग-गुणोत्तर | ९४३ | ९२९ | −१४ |
| साक्षरता (%) | ७३.० | ८२.३ | +९.३ |

खरा कामाचा रकाना शेवटचा, फरकाचा. दोन उणे, एक अधिक, एवढं लक्षात राहिलं की अदलाबदल होत नाही. मुंबई-पुण्याची गर्दी बघून वाटतं त्याच्या उलट, आपली घनता देशाहून कमी आहे. हे एकदा खटकलं की विसरत नाही. ३६५ तर वर्षाचे दिवसच, तो घोकावा लागत नाही. हा तक्ता आखायला मला दहा मिनिटं लागली. मग उजवे रकाने हाताने झाकायचे, कोऱ्या कागदावर लिहायचे आणि नंतरच ताडून बघायचं; दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग चार दिवसांनी.

सनावळीचंही तेच, फक्त तिथे सनांचा गट कारणाने बांधायचा. १९०५ वंगभंग, त्यातून जहाल-मवाळांची ओढाताण, १९०७ ला सुरतेत काँग्रेसमध्ये फूट. १९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा, म्हणजे सुटका १९१४. ते बाहेर आल्यावर १९१६ ला लखनौत दोन्ही गट पुन्हा एकत्र. पाच सनांपैकी १९१४ पाठच करावा लागत नाही, बेरजेने येतो. असा धागा नसेल तिथे गट ओढूनताणून बांधू नये. एखादा सुटा स्थिरांक घोकलेलाच बरा.

झेरॉक्सची गोष्ट जरा वेगळी. २०११ चे आकडे आधी हंगामी आले, मग अंतिम. भारताचं लिंग-गुणोत्तर हंगामी ९४०, अंतिम ९४३. महाराष्ट्राचं ९२५ आणि ९२९. तयार तक्त्यांत ९४० शेजारी ९२९ सर्रास सापडतो, आणि तसं वजा केलं की फरक चौदाऐवजी अकरा येतो. शिवाय दुसऱ्याने बांधलेला गट त्याच्या डोक्यातल्या खुणांवर उभा असतो. माझ्या मित्राने घनतेचा आकडा क्रिकेटच्या कुठल्याशा धावसंख्येला जोडला होता. मला ती धावसंख्याच वेगळी पाठ करावी लागली असती.