पोरगा बारावीत, पीपीएफ दहाव्या वर्षात

एप्रिल 2025 मधली गोष्ट. नंदनवनातल्या आमच्या कट्ट्यावर संध्याकाळी सात वाजताही फरशी तापलेली होती, पण तर्री पोह्याची प्लेट हातात आली की नागपूरच्या माणसाला उन्हाचं काही वाटत नाही. बंडूचं मात्र पोह्याकडे लक्षच नव्हतं. तो बुटीबोरीला एका कारखान्यात सुपरवायझर आहे, पगार महिन्याला पन्नास हजार. पोरगा जूनमध्ये तिसरीत जाणार. घरी बोलणं झालं होतं की पोराच्या शिक्षणासाठी महिन्याला पाच हजार बाजूला टाकायचे, बायकोलाही ते पटलं होतं. अडलं होतं ते एवढ्यावरच, की टाकायचे कुठे? पीपीएफमध्ये की आरडीत?

"यात विचार काय करून राहिला बे?" साहेब म्हणाला. साहेब मिहानमध्ये आयटीत आहे. "डोळे मिटून पीपीएफ. व्याज 7.1 टक्के, त्यावर टॅक्स नाही. आरडीच्या व्याजावर टॅक्स लागते."

ताई लगेच म्हणाली, "भाऊ, माझ्याकडे आरडीवाले किती जण आहेत, त्यांना विचारा." ताई पोस्टाची महिला एजंट आहे. घरोघरी जाऊन हप्ते गोळा करते आणि पोस्टात भरते.

"तुला आरडीवर कमिशन आहे, ताई," साहेब म्हणाला.

"आहे. चार टक्के. पीपीएफवरचं 2011 मध्येच बंद झालं. मी लपवून नाही ठेवलं. पण मी जे सांगून राहिली, ते खरं आहे की खोटं, ते मास्तरांना तपासू द्या."

मला हे फार आवडलं. कमिशन मिळतं म्हणून माणूस चुकीचंच सांगतो असं नसतं, पण ते मिळतं हे ऐकणाऱ्याला माहीत असायलाच हवं. मास्तर निवृत्त गणिताचे शिक्षक. त्यांनी पोह्याची प्लेट बाजूला ठेवली आणि पेन काढलं.

मास्तरांचा पहिला प्रश्न बंडूला होता, "टॅक्स किती भरतोस?"

"काहीच नाही. सहा लाखात कुठला टॅक्स?"

"मग साहेबाचं अर्धं म्हणणं तुला लागूच नाही." मास्तरांनी समजावलं. 2025-26 या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. त्यात आरडीचं व्याज मिळवलं तरी बंडू त्या रेषेच्या खूप खाली राहतो. पीपीएफ भरल्यावर मिळणारी 80सी ची वजावटही जुन्या प्रणालीतली. तेव्हा बंडूसाठी दोन्हीकडचं व्याज सारखंच करमुक्त झालं. उरला फक्त दराचा फरक. पोस्टाच्या आरडीला 6.7 टक्के, पण ते दर तिमाहीला चक्रवाढ होतं, म्हणून वर्षाला साधारण 6.87 पडतं. पीपीएफचं व्याज वर्षातून एकदाच, 31 मार्चला जमा होतं, ते 7.1.

मग त्यांनी वहीच्या पानावर दोन आकडे काढले. महिन्याला पाच हजार, दहा वर्षं, म्हणजे खिशातून गेलेले सहा लाख. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, ती आणखी पाच वर्षं वाढवता येते. तशी वाढवली तर एप्रिल 2035 मध्ये हातात आठ लाख चोपन्न हजार. पीपीएफमध्ये तेवढ्याच काळात आठ लाख पासष्ट हजार.

"फक्त अकरा हजाराचा फरक?" बंडूला खरं वाटेना.

"तुझ्यासाठी अकरा हजार. साहेब तीस टक्क्यांच्या पट्टीत आहे. आरडीच्या अडीच लाखांच्या व्याजावर त्याचा ऐंशी हजारांच्या आसपास कर जाईल. त्याच्यासाठी पीपीएफ म्हणणं बरोबरच आहे. पण त्याने स्वतःचं उत्तर तुला सांगितलं."

साहेबाने मान हलवली. रागावला नाही, पण सोडलंही नाही. "ठीक आहे, अकरा हजार तर अकरा हजार. जास्त मिळते ना? मग पीपीएफच."

खरी चर्चा इथून सुरू झाली, आणि हे लिहायला बसलो तेही याच भागासाठी. मास्तर म्हणाले, "पीपीएफमध्ये आठ लाख पासष्ट हजार दिसतील. पण त्या वर्षी निघतील किती?"

कोणालाच सांगता आलं नाही. पीपीएफ पंधरा वर्षांचं, हे सगळ्यांना ठाऊक. पण ती पंधरा वर्षं मोजायची कुठून, हे बंडूला माहीत नव्हतं. ज्या आर्थिक वर्षात खातं उघडलं ते वर्ष संपल्यावर मोजणी सुरू होते. बंडूने एप्रिल 2025 मध्ये उघडलं तरी मोजणी 31 मार्च 2026 पासून. खातं पिकणार मार्च 2041 संपल्यावर. पोरगा बारावी पास होणार 2035 मध्ये. तोपर्यंत खात्याची दहाच वर्षं झालेली.

"मधून काढता येतात ना पण?" बंडू म्हणाला.

येतात. खातं उघडलेलं आर्थिक वर्ष संपल्यावर पाच वर्षं झाली, की दर आर्थिक वर्षात एकदा काढता येतात. मात्र मर्यादा आहे, आणि बरेच जण ती अर्धवटच ऐकतात. लोकांना वाटतं शिल्लक रकमेच्या निम्मे. नियम तसा नाही. काढण्याच्या वर्षाच्या आधीच्या चौथ्या वर्षाअखेरची शिल्लक आणि गेल्या वर्षाअखेरची शिल्लक, यांतली जी कमी असेल तिच्या निम्मे. बंडूला जुलै 2035 मध्ये फी भरायची असेल तर बघायची ती 31 मार्च 2032 ची शिल्लक. तेव्हा खात्यात साधारण पाच लाख एक्केचाळीस हजार असतील. त्याचे निम्मे दोन लाख सत्तर हजार.

"म्हणजे पासबुकात साडेआठ लाखांच्या वर, आणि हातात पावणेतीनही नाही?" बंडूचा आवाज चढला. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमध्ये जागा मिळाली की प्रवेश पक्का करून फी भरायला थोडेच दिवस असतात. त्यात होस्टेल, लॅपटॉप. पहिल्या वर्षीच सगळ्यात जास्त लागतात, आणि पीपीएफमधून नेमके तेव्हाच कमी निघतात.

साहेबाने इथे एक चांगला मुद्दा काढला, आणि मास्तरांनीही तो मान्य केला. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं. बारावीची परीक्षा उरकली की मार्च 2035 मध्ये एकदा काढायचे, ते त्या वर्षाचे. एप्रिलमध्ये पुन्हा काढायचे, ते नव्या वर्षाचे. मार्चमध्ये 31 मार्च 2031 च्या शिल्लकेचे निम्मे, म्हणजे दोन लाख तेवीस हजार, आणि एप्रिलमध्ये दोन लाख सत्तर हजार. जुलैच्या आत जवळजवळ चार लाख त्र्याण्णव हजार हातात. ज्यांचं पीपीएफ आधीपासून चालू आहे आणि मूल बारावीला आहे, त्यांनी ही गोष्ट फेब्रुवारीतच लक्षात घ्यावी. एप्रिल उजाडला की आधीच्या वर्षाची संधी गेली.

"आणि पूर्णच पाहिजेत तर?" ताईने विचारलं.

तेही होतं. पाच वर्षांनंतर मुलाच्या उच्च शिक्षणासाठी खातं मुदतीआधी बंद करता येतं. फॉर्म 5 भरायचा, मान्यताप्राप्त संस्थेतल्या प्रवेशाची कागदपत्रं आणि फीचं बिल जोडायचं. पण खातं उघडल्यापासूनच्या सगळ्या वर्षांचं व्याज एक टक्का कमी धरून हिशोब होतो. मास्तरांनी 6.1 टक्क्यांनी मांडलं तेव्हा आठ लाख एकवीस हजार आले. म्हणजे चव्वेचाळीस हजार गेले, आणि रक्कम आरडीपेक्षाही तेहतीस हजारांनी खाली आली. शिवाय फीचं बिल आधी आणि पैसे नंतर, हा क्रम घाईच्या दिवसांत जीव खातो.

मी एवढा वेळ ऐकत होतो, पण दराबद्दल मला बोलावंसं वाटलं. आरडी ज्या दराने उघडली तोच दर पाच वर्षं राहतो, आणि वाढवली तरी पुढची पाच वर्षं तोच. पीपीएफचा दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, आणि तो जुन्या शिल्लकेलाही लागू होतो. माझ्या वडिलांच्या काळात पीपीएफला 12 टक्के मिळायचे, ते 2000 सालापर्यंत. 2020 च्या एप्रिलपासून 7.1 आहे. पुढच्या दहा वर्षांत तो वरही जाईल, खालीही जाईल. मास्तरांचे आठ लाख पासष्ट हजार हे दर असाच राहिला तरचे आहेत. आरडीचे आठ लाख चोपन्न हजार मात्र हप्ते वेळेवर भरले तर ठरलेले आहेत.

"वेळेवर भरले तर, हेच तर अवघड आहे ना," आमचा कूलरवाला म्हणाला. त्याचं दुकान मार्च ते जून चालतं, मग पाऊस आला की शांत. "मले दर महिन्याले पाच हजार जमतच नाही. मी आरडी काढली होती, दिवाळीनंतर हप्ते चुकले."

पोस्टाच्या आरडीत चुकलेल्या हप्त्याला शंभराला एक रुपया दंड, म्हणजे पाच हजारांच्या हप्त्याला महिना पन्नास रुपये. चारपेक्षा जास्त हप्ते चुकले की खातं बंद पडतं. आणि तीन वर्षांनंतर, पण मुदतीआधी मोडली, तर व्याज बचत खात्याचं, चार टक्के. कूलरवाल्याने मेपर्यंत कमावलेलं पीपीएफमध्ये एकदम भरावं, हे माझं ठाम मत आहे. तिथे वर्षाला किमान पाचशे आणि जास्तीत जास्त दीड लाख, मधलं कसंही भरा. त्याची पोरगी सध्या दोन वर्षांची आहे, म्हणून तिचं वय आणि पंधरा वर्षांची मुदत जवळजवळ जुळतातही. (तिच्यासाठी 8.2 टक्क्यांची सुकन्या समृद्धीही आहे, पण तो विषय आम्ही दुसऱ्या दिवसावर टाकला.)

बंडूचं पोर जन्मलं त्या वर्षी त्याने पीपीएफ उघडलं असतं तर हा वादच झाला नसता. खातं पोरगा दहावीत असताना पिकलं असतं. त्याला मी हे बोललो नाही, कारण तेव्हा त्याला नोकरीच नव्हती आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

साहेब शेवटपर्यंत म्हणत राहिला की आरडी पाच वर्षांनी एकदा हातात येते, आणि तिथेच घात होतो. 2030 च्या एप्रिलमध्ये साडेतीन लाख समोर दिसले की बंडू गाडी घेईल. ताईचं यावर लगेच उत्तर होतं, "मुदत संपायच्या महिन्यात मी घरी येते आणि वाढवायचा अर्ज भरून घेते. वहिनीसमोर."

बंडू बराच वेळ पानावरचे आकडे बघत बसला. मग म्हणाला, "आरडी पाच हजाराची. आणि पीपीएफ पाचशेचं, याच महिन्यात."

"पाचशेचं कशाला?" कूलरवाल्याने विचारलं.

"वर्षं मोजायला लागतील ना आतापासून. पगार वाढला तर पुढे त्यात टाकीन. पोरगा एमटेक करतो म्हणाला तर पंधरा वर्षं तेव्हा कामी येतील."

मास्तरांनी त्याला एकच सूचना केली. त्याचा पगार सात तारखेला होतो. पीपीएफमध्ये पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिल्लकेवर त्या महिन्याचं व्याज मिळतं, म्हणून सातला भरलेल्या पैशाचं त्या महिन्याचं व्याज बुडतं. पुढे त्यात मोठी रक्कम टाकशील तेव्हा एक ते पाच तारखेच्या आतच टाक, मागच्या पगारातून राखून. बंडूने तेही त्याच पानावर लिहून घेतलं, पान फाडून खिशात ठेवलं, आणि थंड झालेले पोहे खायला घेतले.