चाळायला ते काय गव्हाचं पीठ आहे?

काल संध्याकाळी साडेपाचला सरांचा मेसेज आला, "फर्स्ट इयर पीएचडीच्या रीडिंग लिस्टमध्ये गुडमन-बेकन टाकायचा का, जरा चाळून सांग, रात्री लिस्ट फायनल करतोय." जरा चाळून! अहो, 2021 चा जर्नल ऑफ इकॉनॉमेट्रिक्समधला पेपर आहे तो, दोन पानं वाचून होईस्तोवर माझा चहा गार झाला.

आणि सगळे एकच ग्यान देतात, ॲबस्ट्रॅक्ट वाच, इंट्रो वाच, कन्क्लुजन वाच, झालं. काय झालं? ॲबस्ट्रॅक्ट सांगतं की वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या वर्षी ट्रीटमेंट, म्हणजे एखादी योजना किंवा कायदा, मिळाली असेल तर नेहमीचं टू-वे फिक्स्ड इफेक्ट रिग्रेशन म्हणजे डेटातल्या सगळ्या शक्य दोन-दोन गटांच्या डिफ-इन-डिफची, म्हणजे एका गटातल्या बदलातून दुसऱ्याचा बदल वजा करून उरणाऱ्या फरकांची, वेटेड सरासरी असते. बरं. मग? पेपर भारी आहे हे मला आधीच माहीत होतं, परवाच एम.ए. झालेल्या पोरीला तो झेपेल का एवढंच मला शोधायचं होतं, आणि ते कुठल्याच ॲबस्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं नसतं.

म्हणून मी सरळ चित्रांवर उडी मारली, कारण चाळण्यात खरा उपयोग तिथेच होतो. पहिल्या चित्रात तीन गट, लवकर ट्रीटमेंट मिळालेला, उशिरा मिळालेला आणि कधीच न मिळालेला. दुसऱ्यात त्या तिघांतून निघणाऱ्या चार तुलना. त्यातल्या चौथीत उशिराच्या गटाला कंट्रोल म्हणून लवकरचा गट वापरलाय, म्हणजे ज्याला ट्रीटमेंट आधीच मिळालीये तोच कंट्रोल! इथे थांबून मी वहीत दोन तालुके मांडले. पाणी नसेल तर दोन्हीकडे दरवर्षी एकरी 10 क्विंटल असं धरलं. पहिल्या तालुक्याला दुसऱ्या वर्षी कॅनॉल मिळाला, उत्पन्न 10, 12, 16. दुसऱ्याला तिसऱ्या वर्षी मिळाला, 10, 10, 12. आता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची तुलना करा, दुसरा तालुका 2 ने वाढला, पण "कंट्रोल" 4 ने वाढला, उत्तर उणे 2. पाण्यानं पीक घटलं म्हणे! दोन्हीकडे फायदाच झाला, फक्त पहिल्याकडे तो वाढत गेला, आणि ती वाढ बिचाऱ्या दुसऱ्याच्या खात्यातून वजा झाली.

हे कळायला मला दहा मिनिटं लागली आणि तेवढ्यात अर्धा निर्णय झाला, पेपर लिस्टमध्ये हवाच, कारण ही चूक आमच्याकडे प्रत्येक दुसऱ्या सिनॉप्सिसमध्ये असते.

पण मग पुढचं सेक्शन उघडलं आणि डोकं फिरलं. तिथे `VWATT + VWCT - ΔATT` असा प्राणी बसलाय. तो शेवटचा वजा म्हणजे माझ्या वहीतले ते 4 क्विंटलच, फायदा काळाबरोबर बदलला की जे कापलं जातं ते. पण चिन्हांच्या गर्दीत हे कुणाला दिसणार? वेट्सही नुसत्या गटाच्या साइजवर नाहीत, ट्रीटमेंटच्या व्हेरियन्सवर पण आहेत, त्यामुळे डेटाच्या मधल्या वर्षांत ट्रीटमेंट मिळालेल्या गटाला जास्त वजन, निव्वळ मध्ये आला म्हणून. आणि प्रूफ उभं आहे फ्रिश-वॉ थिअरमवर, जो आमच्या फर्स्ट इयरला दुसऱ्या सेमिस्टरमध्ये शिकवतात, लिस्ट वाचायची पहिल्यात!! हेच तर बघायचं असतं चाळताना, पेपर काय गृहीत धरून चाललाय आणि पोरांनी ते केलंय का. ते सोडून लोक सायटेशन मोजतात. माझ्या शेजारच्या टेबलवरचा म्हणाला, "एवढा साइट होतो, टाक की डोळे मिटून." डोळे मिटूनच टाकतात सगळे, म्हणून लिस्ट साठ पेपरांची होते आणि वाचत कुणीच नाही.

आणि अजून एक, ग्रुपवर फिरत असलेली पीडीएफ होती 2018 च्या वर्किंग पेपरची. छापलेला पेपर 2021 चा. मी कुठली चाळतेय हे मला पाऊण तासानं कळलं. माझीच चूक, पण संताप झालाच.

साडेआठला नीट मेसेज टाइप केला, "सर, टाका. पण फक्त इंट्रो, पहिली दोन चित्रं आणि थिअरम 1 चं विधान. शेवटी त्यानं अमेरिकेतल्या घटस्फोट कायद्यांचं जुनं उदाहरण परत सोडवलंय, ते क्लासमध्ये करू. प्रूफ फ्रिश-वॉ झाल्यावर." सरांचा अंगठा आला.

आज सकाळी लिस्ट आली. सतराव्या नंबरवर आहे. पुढे कंसात लिहिलंय, "कंपल्सरी, अपेंडिक्ससकट."