‘सरक जरा बाजूला’ : सेटर जेव्हा शिफ्ट इन्चार्ज होतो

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे परिसरातल्या लहान-मध्यम मशीन शॉपमध्ये बढतीची एक ठरलेली वाट आहे. जो सेटर, म्हणजे कामासाठी मशीन लावून देणारा कारागीर, सर्वांत कमी वेळात मशीन लावतो आणि ज्याच्या हातून रिजेक्शन, म्हणजे नापास माल, निघत नाही, त्याला एके दिवशी शिफ्ट इन्चार्ज केले जाते. पगार थोडा वाढतो, हाताखाली आठ-दहा ऑपरेटर येतात, आणि काम मात्र त्याच्या लेखी तेच राहते. एखाद्या ऑपरेटरचा जॉब, म्हणजे मशीनवर घडवला जाणारा भाग, बिघडू लागला की इन्चार्ज तिथे पोहोचतो, ‘सरक जरा बाजूला’ म्हणतो, पॅनेलवर दोन बटणे दाबतो आणि पुढच्या मशीनकडे जातो. जॉब सुधारतो, पण तो कसा सुधारला हे ऑपरेटरला कळत नाही. माझे स्पष्ट मत आहे की नव्या इन्चार्जने सर्वांत आधी हे वाक्य म्हणणे थांबवावे. बाकीच्या बहुतेक वाईट सवयी याच एका सवयीतून निघतात.

ही सवय किती महाग पडते ते एका साध्या जॉबवरून पाहता येते. हायड्रॉलिकच्या कामात नेहमी लागणारे ४० मिलिमीटरचे एच-सात बोअर, म्हणजे अचूक मापाचे गोल भोक, घेऊ. त्याची मर्यादा ४०.००० ते ४०.०२५, म्हणजे सगळा खेळ २५ मायक्रॉनचा. बीडाचा जॉब आहे, सीएनसी लेथवर बोअरिंग चालले आहे, आणि भोकाचा व्यास मोजणारा डायल बोअर गेज ४० च्या रिंगवर शून्य करून ठेवला आहे. जेवणाची सुट्टी झाली, मशीन अर्धा तास बंद राहिले. सुट्टीनंतरचा पहिला जॉब ४०.००५ आला. ऑपरेटर घाबरतो, कारण खालची हद्द जवळ दिसते. तो ऑफसेटमध्ये, म्हणजे पॅनेलवरून हत्याराच्या मापाला दिलेल्या दुरुस्तीत, सात मायक्रॉन वाढवतो. तोवर स्पिंडल आणि बॉल स्क्रू पुन्हा गरम होऊ लागलेले असतात, त्यामुळे बोअर आपोआपच सुट्टीपूर्वीच्या मापाकडे येत असते. त्यात हे सात मायक्रॉन मिळून तिसरा-चौथा जॉब ४०.०२१ येतो. आता वरची हद्द जवळ दिसते, म्हणून तो ऑफसेट कमी करतो. पाळी संपेपर्यंत हे असेच चालते.

जुना सेटर याच ठिकाणी काय करतो? काहीच करत नाही. हे मशीन थंड झाले की पहिले दोन जॉब टाइट, म्हणजे बोअर लहान असलेले, येतात हे त्याला ठाऊक असते (प्रत्येक मशीनची तऱ्हा वेगळी असते, काही उलट बाजूला जातात). तो मशीन थोडा वेळ रिकामे फिरवून घेतो, किंवा दोन जॉब तसेच जाऊ देतो आणि मग मोजतो. त्याच्या कौशल्याचा मोठा भाग कुठे हात लावायचा नाही हे ओळखण्यात आहे, आणि न लावलेला हात ऑपरेटरला दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त पॅनेलवर बटणे दाबणारा साहेब. म्हणून तोही बटणे दाबायला शिकतो.

स्थिर चाललेल्या प्रक्रियेत प्रत्येक मापानुसार दुरुस्ती करत राहिले तर माप सुधारण्याऐवजी अधिक पसरते, हे गुणवत्ता-तज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी नरसाळ्यातून गोटी टाकण्याच्या प्रयोगाने दाखवले होते. प्रत्येक चुकीइतकीच उलट दुरुस्ती केली तर व्हेरिअन्स, म्हणजे माप किती पसरले हे सांगणारा संख्याशास्त्रातला आकडा, दुप्पट होतो. आमच्याकडे यालाच ‘ऑफसेटशी खेळणे’ म्हणतात.

आणखी दोन गोष्टी सेटरच्या अंगवळणी इतक्या पडलेल्या असतात की त्या सांगाव्यात असे त्याला सुचतही नाही. पहिली गोष्ट गरम जॉबची. बीडाचा ४० मिलिमीटरचा बोअर तापमान १० अंशांनी वाढले तर साधारण चार मायक्रॉन मोठा होतो. मशीनमधून काढल्या काढल्या मोजलेला ४०.००३ चा जॉब थंड झाल्यावर तपासणीच्या टेबलावर नापास होऊ शकतो, आणि मग ‘माझ्या गेजवर बरोबर होता’ असा वाद सुरू होतो. दुसरी गोष्ट गेजच्या काट्याची. बोअर गेजमध्ये बोअर लहान असेल तर काटा घड्याळाच्या दिशेने पुढे जातो, म्हणजे इतर डायलवर जे ‘वाढले’ वाटते ते इथे ‘कमी झाले’ असते. नवा मुलगा हमखास उलटे वाचतो आणि दुरुस्ती उलट्या दिशेने करतो. सेटर मनातल्या मनात उलटे करून वाचतो आणि आपण तसे करतो हेही विसरून गेलेला असतो. इन्चार्जने स्वतः माप घेऊन स्वतःच ऑफसेट दिला, तर ऑपरेटरचे हे दोन्ही गैरसमज वर्षभर तसेच राहू शकतात.

मग इन्चार्जने करायचे काय? नुसते ‘लोकांना शिकवा’ म्हणणे सोपे आहे. माझ्या पाहण्यात उपयोगी पडलेली पद्धत म्हणजे प्री-कंट्रोल. तिला ना कॉम्प्युटर लागतो, ना गणित. एकूण मर्यादेचे चार समान भाग करायचे. मधले दोन हिरवे, कडेचे दोन पिवळे, मर्यादेबाहेर लाल. आपल्या बोअरला ४०.००६ ते ४०.०१९ हिरवे धरावे. मशीन लावल्यावर लागोपाठ पाच जॉब हिरव्यात आले तरच उत्पादन सुरू करायचे. त्यानंतर ठरलेल्या अंतराने जॉब मोजायचा. हिरव्यात असेल तर कोणीही ऑफसेटला हात लावायचा नाही, इन्चार्जनेसुद्धा. पिवळ्यात असेल तर लगेच पुढचा जॉब मोजायचा. तोही त्याच बाजूच्या पिवळ्यात असेल, तर ऑपरेटरने स्वतः ऑफसेट द्यायचा. पहिला एका बाजूच्या पिवळ्यात आणि दुसरा दुसऱ्या बाजूच्या पिवळ्यात आला तर मशीन थांबवायचे, कारण तिथे ऑफसेटने काही होणार नाही. जॉब नीट पकडला जात नसेल, बोअरिंग बार थरथरत असेल किंवा इन्सर्टची, म्हणजे हत्याराच्या टोकाला बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याची, धार तुटली असेल. लाल आला तर सरळ थांबवायचे. या पद्धतीला एक अट आहे. मशीनची मूळ क्षमताच २५ मायक्रॉनमध्ये आरामात बसणारी नसेल, तर पिवळे सतत येत राहतील आणि लोक नियमाला कंटाळतील. अशा वेळी दोष ऑपरेटरवर न टाकता आधी मशीन दुरुस्त करावे लागते.

आपल्या भागात या रंगांचा आणखी एक फायदा आहे. एकाच पाळीत खानापूर-चंदगडकडचा मराठी मुलगा असतो आणि बैलहोंगल-गोकाककडचा कन्नड मुलगा असतो. मराठी बोलणारा सेटर मराठी मुलाला कारण समजावून सांगतो, आणि कन्नड मुलाला ‘मुट्टब्याड’ एवढेच सांगून, म्हणजे हात लावू नको म्हणून, पुढे जातो. कन्नड सेटर असेल तर हेच उलट घडते. यात कोणाचा द्वेष नसतो, सवड आणि शब्द दोन्ही कमी पडतात एवढेच. पण वर्षभराने एक मुलगा सेटर होण्याच्या लायकीचा होतो आणि दुसरा ऑपरेटरच राहतो, आणि ‘त्याला डोके नाही’ असे सगळे म्हणू लागतात. गेजच्या काचेवर हिरवी-पिवळी पट्टी चिकटवली की निदान हुकुमाचा भाग दोघांना सारखा मिळतो, आणि उलट्या काट्याचा घोळही बराचसा मिटतो. कारणे समजावण्याचे काम तरीही उरतेच, आणि ते इन्चार्जने दोन्ही भाषांत, मोडक्यातोडक्या का होईना, केलेच पाहिजे.

यातून पुढची सवय दिसते, ती म्हणजे प्रश्न विचारला की लगेच उत्तर देण्याची. ‘अण्णा, तीन नंबरवर बोअर कमी येतोय’ म्हटल्याबरोबर ‘पाच वाढव’ असे उत्तर येते, आणि ते बहुधा बरोबरही असते. त्याऐवजी विचारावे की कितवा जॉब, किती वेळ थंड केला होता, मागचा कोणत्या रंगात होता, इन्सर्टवर किती जॉब झाले. इन्सर्ट झिजत जातो तसा बोअर हळूहळू लहान होतो. अचानक लहान झाला तर कारण वेगळे असते. चार दिवस हेच प्रश्न ऐकले की पाचव्या दिवशी ऑपरेटर त्यांची उत्तरे घेऊनच येतो, आणि पुढे पुढे येतच नाही. काही इन्चार्जना हे ‘न येणे’ बोचते. आपली गरज संपली असे वाटते. त्यांना मालकांनी स्पष्ट सांगायला हवे की यासाठीच बढती दिली आहे.

एक सवय मात्र सोडू नये असे माझे ठाम मत आहे. ‘साहेब झालात, आता ऑफिसात बसा’ हा सल्ला चुकीचा आहे. इन्चार्जने मशीनजवळच असावे, त्याचे कान उघडे असावेत. स्पिंडलचा आवाज बदलला, जबड्यातून जॉब निसटतोय असे दिसले, कोणाचा हात धोक्यात आला, तर तिथे प्रश्न विचारत बसायचे नाही. स्वतः पुढे होऊन इमर्जन्सी बटण दाबायचे.

मालकांच्या बाबतीतही थोडे बोलले पाहिजे, कारण निम्मा दोष तिथे असतो. सेटरला इन्चार्ज करतात आणि त्याच्या जागी नवा सेटर देत नाहीत. मग सगळ्या मशीनचे सेटिंग त्याच्याच गळ्यात राहते, आणि वर महिनाअखेरीस ‘तुमच्या लोकांना काहीच येत नाही’ हे ऐकवले जाते. शिवाय लालमध्ये जॉब आला म्हणून ऑपरेटरने मशीन थांबवले आणि त्या तासाचे उत्पादन बुडाल्याबद्दल त्याला सर्वांसमोर झापले, तर दुसऱ्या दिवसापासून गेजवर लाल कधीच दिसत नाही. ते थेट ग्राहकाच्या गोदामात दिसते.

इन्चार्ज तयार होतोय की नाही हे ओळखण्यासाठी त्याच्या हजेरीच्या दिवसांचे रिजेक्शन पाहू नये. तो रजेवर असलेल्या दिवसांचे पाहावे. तो असताना शून्य आणि नसताना ढीग, अशी वही दिसली की बहुतेक मालक त्याची पाठ थोपटतात आणि त्याची रजा नामंजूर करतात. माझ्या मते ती वही त्याच्याविरुद्धचा पुरावा आहे.

पहिले काही आठवडे रिजेक्शन वाढेल. ऑपरेटर स्वतः ऑफसेट देऊ लागला की दोन-चार जॉब जाणारच, आणि ते कोणाच्या नावावर लागणार हे आधी ठरवले नाही तर इन्चार्ज तिसऱ्या दिवशी पुन्हा पॅनेलवर हात ठेवेल. याला एक स्वस्त तोड आहे. बोअरिंग करताना ब्लोहोल, म्हणजे ओतकामात आत राहिलेली पोकळी, उघडे पडले म्हणून बाजूला ठेवलेली कास्टिंग प्रत्येक शॉपच्या कोपऱ्यात पडून असतात. ती फाउंड्रीकडे परत जाण्याआधी, फाउंड्रीला विचारून, त्यांतली थोडी सरावासाठी ठेवून घ्यावीत. बोअर थोडे मोठे करत त्यांवर माप घेणे, थंड करून पुन्हा मोजणे आणि ऑफसेट देणे हे सगळे करता येते, आणि तो जॉब बिघडला तरी कोणाच्या नावावर लागत नाही.