त्या एका g पायी

गेल्या रविवारी एका दहा वर्षांच्या मुलाने मला बुद्धिबळात हरवले, याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. माझी तक्रार त्याच्या वडिलांबद्दल आहे.

मंगल कार्यालयात भरलेली खुली स्पर्धा, प्रत्येकाला दीड तास आणि दर चालीमागे तीस सेकंदांची भर, एवढे सांगितले की पार्श्वभूमी संपली. ही तीस सेकंदांची भर मात्र महत्त्वाची, कारण ती नसती तर घड्याळात पाच मिनिटांहून कमी वेळ उरल्यावर चाली लिहिण्यातून सुटका झाली असती. ती असली की स्कोअरशीट शेवटच्या चालीपर्यंत भरावी लागते, म्हणजे आपले काही खरे नाही हे कळून चुकल्यानंतरही आपल्याच पराभवाचे इतिवृत्त आपल्याच हाताने, वाचता येईल अशा अक्षरात, लिहीत बसावे लागते. मी ते लिहिले. डाव संपल्यावर नियमाप्रमाणे दोघांनी दोन्ही स्कोअरशीटवर सह्या केल्या, मुलाने हात पुढे केला, 'थँक्यू काका' म्हणाला, आणि इथपर्यंत सगळे सभ्यतेने पार पडले होते.

तेवढ्यात दोरीपलीकडे उभे असलेले त्याचे वडील दोरीखालून वाकून आत आले. डाव चालू असताना प्रेक्षकाने खेळाडूशी डावाबद्दल बोलायचे नसते, हा नियम या गृहस्थांनी अडीच तास दात-ओठ खाऊन पाळला असावा, कारण सही झाल्याच्या क्षणी त्यांचा बांध फुटला. त्यांच्या काखेत प्लास्टिकची पारदर्शक फाइल होती आणि तिच्यात चिरंजिवांच्या आजवरच्या साऱ्या स्कोअरशीट तारखेनुसार लावलेल्या होत्या. त्यांनी माझी स्कोअरशीट उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, मोबाइलने तिचा फोटो काढला आणि म्हणाले, "काका, तुमची पाचवी चाल चुकीची लिहिली आहे."

मुलगाही काका म्हणतो आणि बापही काका म्हणतो, तेव्हा आपण नक्की कोणत्या पिढीत मोडतो हा प्रश्न मी बाजूला ठेवला आणि पाचवी चाल पाहिली. डावाची सुरुवात अशी होती:

```
1. d4 Nf6
2. c4 e6
3. Nc3 Bb4
4. e3 0-0
5. Ne2
```

"Ne2 नाही, Nge2 पाहिजे," ते म्हणाले. "तुमचे दोन घोडे आहेत, एक c3 वर आणि एक g1 वर. दोघेही e2 वर येऊ शकतात. कुठला आला ते लिहायला नको?"

हा नियम मला ठाऊक आहे. एकाच जातीचे दोन मोहरे एकाच घरात जाऊ शकत असतील, तर कोणता गेला हे सांगण्यासाठी मोहऱ्याच्या अक्षरानंतर तो ज्या उभ्या पट्टीतून निघाला तिचे अक्षर लिहायचे. हत्ती a1 आणि f1 वर असतील आणि पहिला d1 वर गेला, तर Rad1. दोघे एकाच उभ्या पट्टीत एकाखाली एक असतील तर अक्षराने काम भागत नाही, तिथे आडव्या ओळीचा आकडा लागतो, म्हणजे d1 आणि d5 वरच्या हत्तींपैकी खालचा d3 वर गेला तर R1d3. पट्टीही वेगळी आणि ओळही वेगळी असेल तर अक्षराला प्राधान्य. वजिरांची संख्या तीनवर गेल्याशिवाय अक्षर आणि आकडा दोन्ही एकदम लिहिण्याची वेळ सहसा येत नाही, आणि माझ्याकडे तीन वजीर असते तर मी या गृहस्थांसमोर असा उभा राहिलो नसतो.

पण नियमात 'जाऊ शकत असतील तर' असे म्हटले आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे. काळ्याचा उंट b4 वर होता, त्याच्या तिरक्या रेषेत माझा घोडा c3 वर, त्यामागे d2 रिकामे आणि त्यामागे e1 वर माझा राजा. c3 वरचा घोडा हलला की राजाला थेट शह लागतो, म्हणजे ती चाल बेकायदा, म्हणजे तो घोडा e2 वर काय, कुठेच जाऊ शकत नव्हता. e2 वर जाऊ शकणारा घोडा एकच, g1 चा. जिथे दुसरा उमेदवार अर्जच भरू शकत नाही तिथे पहिल्याची वेगळी ओळख सांगायचे कारण उरत नाही. मी हे सारे त्यांना याच क्रमाने, शांतपणे, पटावर मोहरे पुन्हा मांडून दाखवले.

"हो, पण तो जाऊ शकत नाही हे वाचणाऱ्याला कसं कळणार?" त्यांनी विचारले.

"वाचणारा पटावर मोहरे लावून वाचतो. उंट b4 वर आला हे त्याने दोन ओळी आधीच वाचलेले असते."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर करुणेने पाहिले आणि मोबाइलवर काहीतरी शोधले. इथे मला त्यांच्याविषयी आदर वाटला हे कबूल केले पाहिजे, कारण त्यांनी जागतिक संघटनेची नियमावलीच उघडली होती आणि तिच्यातले कलम 3.1.3 माझ्या नाकासमोर धरले होते. त्या कलमाचा अर्थ असा की एखादा मोहरा आपल्या राजामुळे जखडलेला असला, तरी ज्या घरांवर त्याचा मारा असतो त्या घरांवर तो कायम मानला जातो. "म्हणजे तुमचा पिन झालेला घोडासुद्धा e2 वर मारा करतो. मग?"

मग काही नाही. मारा करणे वेगळे आणि जाणे वेगळे. ते कलम अशासाठी आहे की जखडलेल्या मोहऱ्याच्या माऱ्यात समोरच्याचा राजा येऊन बसू नये; जखडलेला मोहरासुद्धा शह देतो, हे नवशिक्यांना पटता पटत नाही म्हणून ते लिहून ठेवले आहे. चाल कशी लिहायची हे त्या कलमात नाही, ते परिशिष्टात आहे, आणि तिथे मारा हा शब्दच नाही. मी एवढे बोलेपर्यंत भोवती चारपाच पालक जमले होते. त्यातल्या एका बाईंनी 'आमच्या सरांनी तर नेहमी लिहायलाच सांगितलंय' असा निकाल दिला आणि चर्चा कायद्याच्या कक्षेतून निघून परंपरेच्या कक्षेत गेली. परंपरा त्यांच्या बाजूने होती हेही खरे, कारण या सुरुवातीवरची पुस्तके वर्षानुवर्षे सवयीने Nge2 असेच छापत आली आहेत. त्या जास्तीच्या g ने कोणाचे नुकसान होत नाही. पण नसल्याने चूकही होत नाही, आणि मला चुकीचा ठरवले जात होते.

g चा किल्ला सर झाला असे वाटून गृहस्थ पुढे सरकले. त्यांच्या चिरंजिवांनी सहाव्या चालीत उंटाने घोडा मारून मला शह दिला होता आणि मी तो दुसऱ्या घोड्याने परत मारला होता, कारण e2 वर घोडा आणण्याचा हेतूच तो असतो, c पट्टीत प्यादी एकावर एक चढू नयेत म्हणून. मुलाने ती चाल `Bxc3+` अशी लिहिली होती, त्यातला अधिक काढताना पेनाने कागद फाटेल इतका जोर लावून. माझ्या कागदावर ती नुसती `Bxc3` होती. "शह दिलेला तुम्ही लिहिलाच नाही," ते म्हणाले, जणू मी दिलेली उधारी नाकारत होतो. शहाचा अधिक, माताचा #, मारल्याचा x आणि वाटेतले प्यादे मारल्याचा e.p., ही चारही चिन्हे त्या परिशिष्टात ऐच्छिक आहेत. समोरच्याने बरोबरीचा प्रस्ताव दिला तर (=) लिहावे लागते, शहाचा अधिक नाही लिहिला तरी चालते. शह पटावर दिसतो. मला तर तो फारच स्पष्ट दिसत होता.

यानंतर मी जे केले ते खिलाडूवृत्तीला धरून नव्हते, पण माझाही संयम माणसाचाच आहे. मी त्यांच्या फाइलमधली चिरंजिवांची स्कोअरशीट मागितली आणि शेवटून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले. तिथे लिहिले होते `d1`. एवढेच. याच घरात त्यांचे प्यादे पोहोचले होते आणि वजीर होऊन मला शह देऊन गेले होते. माझ्या कागदावर ती चाल `d1=Q+` अशी रीतसर होती, कारण स्वतःच्या मरणाचा दाखला तरी पूर्ण असावा असे मला वाटते. बढतीत नव्या मोहऱ्याचे अक्षर ऐच्छिक नाही.

"अहो, वजीरच घेणार ना," ते हसले. "दुसरं कोण काय घेतं?"

मी त्यांना तिथेच उभ्याउभ्या एक जुना सापळा खेळून दाखवला: `1.d4 d5 2.c4 e5 3.dxe5 d4 4.e3 Bb4+ 5.Bd2 dxe3 6.Bxb4 exf2+ 7.Ke2 fxg1=N+`. सातव्याच चालीत प्यादे घोडा होते, कारण वजीर झाला तर पांढरा आधी d8 वर वजीर शहासकट मारून मग g1 वरचा नवा वजीर हत्तीने उचलतो. घोडा झाला तर मात्र शह बसतो, त्या घोड्याला हत्तीने मारले की काळ्याचा उंट g4 वर येऊन पुन्हा शह देतो आणि राजामागचा वजीर जातो. यात शेवटचे `=N` गाळून नुसते fxg1 वाचले तर पुढचा डाव कोणालाही कळणार नाही. आणि वजीर घ्यायचाच आहे हे गृहीत धरण्याचे काय होते ते कॅनडाच्या 2017 च्या अजिंक्यपदाच्या टायब्रेकमध्ये दिसले. निकोलाय नोरित्सिन याने प्यादे शेवटच्या ओळीत नेले आणि मोकळा वजीर हाताशी दिसेना म्हणून हत्ती उलटा ठेवला. आर्बिटरने तो हत्तीच धरला. तिथे कागदावर `=R` आले.

हे ऐकून ते पाघळले नाहीत. त्यांनी आर्बिटरला बोलावले. आर्बिटर बिचारा सकाळपासून उभा होता, पुढच्या फेरीच्या जोड्या लावायच्या होत्या आणि मुलगा 'बाबा, भूक लागली' असा धोशा लावून होता. आर्बिटरने माझा कागद पाहिला, माझे म्हणणे अर्धे ऐकले, मान डोलावली, आणि म्हणाला, "सर, तुमचं बरोबर आहे, पण टाका ना एक g, काय फरक पडतो?" त्यावर मुलाचे `d1` तसेच राहिले, कारण तो लहान होता. आणि मी, ज्याचे बरोबर होते, तो N आणि e यांच्या फटीत एक चेपलेला g कोंबला, आणि त्याचाही फोटो निघाला.

सोमवारी दुपारी आयोजकांकडून डाव टाइप करणाऱ्या मुलाचा फोन आला. जिंकणाऱ्याच्या कागदावरून तो चाली भरत होता आणि शेवटी d1 वर नेमके काय घेतले हे त्याला हवे होते. मी 'वजीर' म्हटले, आणि राहवले नाही म्हणून पाचवी चाल कशी दिसते ते विचारले. "कागदावर Nge2 आहे सर, मी तेच टाइप केलं, पण फाइलमध्ये Ne2 आलंय. PGN मध्ये गरज नसली की ते अक्षर प्रोग्राम आपोआप काढून टाकतो." मी त्याला हे एका ओळीत लेखी पाठवायला सांगितले. तो म्हणाला, पुढच्या रविवारच्या फेऱ्यांच्या वेळा ग्रुपवर टाकल्या आहेत, त्या बघून घ्या, आणि त्याने फोन ठेवला.