नफा १२ टक्क्यांनी वाढला, तरी नफ्याचं प्रमाण घसरलं

‘नफ्याचं प्रमाण २ टक्क्यांनी घटलं’ असं वाक्य कोणत्याही अहवालात असू नये, असं माझं ठाम मत आहे. विक्रीवर आधी १० टक्के नफा सुटत असेल, तर हे वाक्य वाचून एक जण आता ८ टक्के सुटतो असं धरेल आणि दुसरा १० चे २ टक्के कमी करून ९.८ धरेल. दोघांनाही चूक म्हणता येत नाही, चूक लिहिणाऱ्याची आहे.

मुळात हे दोन वेगळे हिशेब आहेत. दोन टक्केवारींची नुसती वजाबाकी केली की उत्तर टक्केबिंदूंत येतं: १० वजा ८, म्हणजे २ टक्केबिंदूंची घट. तोच फरक जुन्या आकड्याने भागून १०० ने गुणला की टक्क्यांतला बदल मिळतो: २ भागिले १०, म्हणजे तब्बल २० टक्के घट.

आता प्रत्यक्ष रक्कम पाहा. गेल्या वर्षी विक्री ५० लाख आणि नफा १० टक्के, म्हणजे ५ लाख. यंदा विक्री ७० लाख आणि नफा ८ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नफ्याची रक्कम ६० हजारांनी, म्हणजे १२ टक्क्यांनी वाढली. त्याच वर्षाबद्दल ‘१२ टक्के वाढ’, ‘२० टक्के घट’ आणि ‘२ टक्केबिंदूंची घट’ ही तिन्ही विधानं खरी आहेत. म्हणूनच कुठलाही बदल सांगताना आधीचा आणि आताचा असे दोन्ही मूळ आकडे शेजारी द्यायलाच हवेत. तेवढी जागा अहवालात नेहमीच असते.

गुणांचंही तसंच. ६० टक्क्यांवरून ७५ वर जाणं म्हणजे १५ टक्केबिंदूंची, पण २५ टक्क्यांची वाढ. पुन्हा ६० वर आलं तर टक्केबिंदू तेच १५, घट मात्र २० टक्के, कारण आता भागायचं ते ७५ ने. नेमकं इथेच पुष्कळांचं चुकतं. वाढ काढतानाही ते नव्या आकड्याने भागतात. ताळा सोपा आहे: आलेले टक्के जुन्या आकड्यावर चढवून पाहा. ६० चे २५ टक्के १५, बेरीज ७५, जमलं. २० टक्के उत्तर आलं असेल, तर बेरीज ७२ वरच थांबेल.

तोट्यातून नफ्यात आल्यावर मात्र टक्के काढूच नका. २ लाख तोट्यावरून ३ लाख नफ्यावर गेलात, तर सूत्र उणे २५० टक्के दाखवतं, म्हणजे सुधारणा झालेली असताना चक्क घसरण! तिथे ‘५ लाखांनी सुधारणा’ असं रकमेतच लिहावं.