आबांचा साडू आणि माझं बजेट

आपण क्लायंटला पाठवलेला मेल भलताच माणूस मोठ्यानं वाचून दाखवतो तेव्हा कसं वाटतं, हे मला काल जळगावात कळलं. अजून कान गरम आहेत.

शेठ कडबाकुट्टी यंत्रं विकतात. जाहिरातीचं महिन्याचं बजेट 30,000 वरून 45,000 करा, एवढंच माझं मागणं. गेल्या महिन्यात 200 चौकशा आल्या, चौकशीला 150 रुपये पडले. त्यातून 20 यंत्रं गेली आणि यंत्रामागे शेठना 4,000 सुटले. बजेट दीडपट केलं म्हणून चौकशा दीडपट होत नाहीत. ज्यांना घाई असते ते आधीच फॉर्म भरून मोकळे होतात, उरलेले महाग पडतात. म्हणून वाढीव 15,000 मध्ये मी 50 च चौकशा धरल्या, प्रत्येकी 300 ला. त्यातून 5 यंत्रं, म्हणजे 20,000 नफा. आमचे साहेब म्हणाले, "अरे, एकूण सरासरी 180 येते, तीच लिही." मी 300 लिहिलं. प्रामाणिकपणाची हौस, दुसरं काय!

शेठनी मेलची प्रिंट काढून सासऱ्यांच्या हातात दिली होती. आबांनी चष्मा चढवला आणि विकलेल्या यंत्रांच्या यादीवर बोट ठेवलं.

"पाचोऱ्याचा हा? हाऊ ते मना साडूना पोऱ्या शे! तो येणारच होता. खोड."

"आबा, त्यानं जाहिरातीतला फॉर्म भरलाय."

"दुकानाचा नंबर सापडत नव्हता म्हणून भरला असेल. खोड. यावलचा? त्याच्या हळदीला जेवून आलोय मी."

पेन माझं, खोडणारा मी. सोयरीक निघता निघता सात यंत्रं गेली. चीड याची, की म्हाताऱ्याचा प्रश्न खरा होता: जाहिरात नसती तर यातले किती आले असते? हे फॉर्म सांगत नाही. आणि खानदेशात कोण कोणाचा साडू, हे कोणत्याच डॅशबोर्डवर दिसत नाही.

"चोपड्यात महिनाभर बंद ठेव. तरी यंत्रं गेली तर तुझी जाहिरात फुकट," आबा म्हणाले.

उपाय बरोबर, माप चुकीचं. जिल्ह्यात 15 तालुके, यंत्रं 20. चोपड्याच्या वाट्याला एखाददुसरंच येतं. ते गेलं काय, राहिलं काय, सिद्ध काहीच होत नाही. निम्मे तालुके दोनेक महिने बंद ठेवा, मग आधीच्या विक्रीशी ताडून पाहा, असं मी म्हणालो. तेवढ्यात भरीत-पुरी आली आणि संख्याशास्त्र संपलं.

"चाल, पाच हजार वाढव भो," शेठ म्हणाले.

"मेलवर तेवढं मंजूर लिहून पाठवा ना."

"बोललो ना मी!"

बोलले होते. दिवाळीतही बोलले होते आणि बिल आल्यावर "कोणी सांगितलं होतं?" असंही बोलले होते. तेव्हा शिव्या साहेबांनी खाल्ल्या नाहीत, मी खाल्ल्या. पगार ज्युनियरचा, जबाबदारी मात्र खजिनदाराची.

रात्री 35,000 चा नवा मेल टाकला. सीसीत आबांच्या नातवाचा पत्ता आहे. आबांनीच दिला, प्रिंट तो काढून देणार आहे.