सगळंच मेक-टू-ऑर्डर केलं की स्टॉक शून्य? दाजींच्या कारखान्यात काय झालं ते बघा

"स्टॉक म्हणजे मेलेला पैसा! हुशार कारखानदार आधी ऑर्डर घेतो, मग माल बनवतो. १) ईआरपीत सगळे आयटम मेक-टू-ऑर्डर करा, स्टॉक शून्य होईल. २) ऑर्डरपुरतंच मटेरियल आलं की गोंधळ संपतो, ग्राहकाला माल उलट लवकर मिळतो. ३) असेंबल-टू-ऑर्डर वगैरे कन्सल्टंटची नाटकं आहेत. ४) डेलने फोरकास्ट न करता शून्य स्टॉकवर कॉम्प्युटर विकले. प्रत्येक उद्योजकाला पाठवा!"

हा मेसेज तीन ग्रुपवर आला तोवर मी गप्प होतो. मग दाजींनी पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ, आम्ही करून पण टाकलं." दाजींचा शिरोलीला गिअर्ड मोटरचा छोटा कारखाना आहे आणि मी प्लॅनिंगमध्येच पोट भरतो, त्यामुळे आता बोलायलाच पाहिजे.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो कारण नुकसान तिथे होतंय. "माल लवकर मिळतो" म्हणे. दाजींच्या एका गिअर्ड मोटरला लागणारे दिवस मोजा. हाउसिंगचं कास्टिंग फाउंड्रीतून यायला २० दिवस, मशीनिंगला ५, असेंब्ली, टेस्टिंग आणि पेंट मिळून ३. झाले २८. गिअर सेटचा वेगळा रस्ता आहे, ब्लँक, हॉबिंग, बाहेरून हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग मिळून १९ दिवस, पण तो हाउसिंगच्या सोबतच चालतो म्हणून त्याने एकूण वाढत नाही, सगळ्यात लांब रस्ताच मोजायचा. तयार माल रॅकवर असेल तर ग्राहक थांबतो फक्त ट्रकसाठी, हे मेक-टू-स्टॉक. हाउसिंग, गिअर सेट, मोटर तयार असतील आणि फक्त जोडायचं बाकी असेल तर थांबतो ३ दिवस, हे असेंबल-टू-ऑर्डर. आणि सगळं ऑर्डर आल्यावर सुरू केलं, म्हणजे मेक-टू-ऑर्डर, तर पूर्ण २८ दिवस, तेही फाउंड्रीवाल्याने शब्द पाळला तर. कारखाना तोच, माणसं तीच, मशीन तीच. बदललं काय तर ऑर्डर येण्याआधी किती काम उरकून ठेवलंय एवढंच. तीन पद्धतींमधला खरा फरक हाच आहे, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आता दाजींचे गिऱ्हाईक कोण? निम्मे साखर कारखाने. गाळप चालू असताना कन्व्हेयरचा गिअरबॉक्स बसला तर चीफ इंजिनिअर २८ दिवस थांबणार आहे का? तो दोन तास थांबत नाही. तो दुसऱ्याकडे जातो आणि पुढच्या ऑफ-सीझनच्या ओव्हरहॉलिंगची ऑर्डरही तिकडेच देतो, कारण अडचणीत माल कोणी दिला ते लक्षात राहतं.

पहिला मुद्दा, स्टॉक शून्य. हा तर कमालीचा विनोदी आहे, कारण दाजींकडे नेमकं उलटं झालं. मेक-टू-ऑर्डर लावलं की ईआरपी, म्हणजे ऑर्डर, खरेदी, स्टॉक सांभाळणारी सिस्टीम, मागणीला विक्री ऑर्डरचा नंबर चिकटवते, म्हणजे खाली जे जे लागतं ते त्याच ऑर्डरच्या नावाने मागवलं जातं आणि आल्यावर त्याच ऑर्डरच्या नावाने पडून राहतं. तयार मालाला हे ठीक आहे. पण दाजींच्या माणसाने सरसकट सगळ्या आयटमला लावलं, बेअरिंगलासुद्धा! मग एका सकाळी खरेदीवाल्याच्या स्क्रीनवर ६२०५ बेअरिंगच्या चौदा वेगवेगळ्या मागण्या, प्रत्येकी दोन-दोन नगाच्या. आधी हेच बेअरिंग पेटीने यायचं आणि कोणत्याही ऑर्डरला वापरलं जायचं. फाउंड्रीचं त्याहून वाईट, दोन-दोन हाउसिंगसाठी कोण मोल्ड लावणार? तो म्हणाला किमान पंचवीस घ्या. पंचवीस आली, त्यातली दोन त्या ऑर्डरला लागली, तेवीस आली तशी बसली. हाच का शून्य स्टॉक?

त्यात एक ऑर्डर कॅन्सल झाली. तिचे गिअर सेट गोदामात आहेत, डोळ्यांनी दिसतात, पण सिस्टीममध्ये ते कॅन्सल झालेल्या ऑर्डरला बांधलेले. शेजारच्या ऑर्डरला तेच सेट हवेत तर ईआरपी म्हणते शॉर्टेज, नवीन बनवा. कोणीतरी हाताने ते मोकळ्या स्टॉकमध्ये टाकत नाही तोवर असंच चालू राहतं. सॅपमध्ये असा माल स्पेशल स्टॉक `E` म्हणून दिसतो आणि `411 E` ने मोकळा करावा लागतो. तुमच्याकडे हे झालंय का ते बघायचं तर सोपं आहे, एकच पार्ट नंबर एका ऑर्डरखाली शिल्लक आणि दुसऱ्या ऑर्डरखाली शॉर्ट, असं एकाच दिवशी दिसतंय का ते शोधा.

उपाय फार मोठा नाही. मेक-टू-ऑर्डर हे पूर्ण कारखान्याचं सेटिंग नसतं, आयटमचं असतं. तयार मोटर ऑर्डरला बांधा पण बेअरिंग, सील, हाउसिंग, नेहमीचे गिअर सेट सगळ्या ऑर्डरना सामायिक ठेवा. सॅपमध्ये त्यासाठी पार्टच्या `MRP 4` मध्ये `Individual/coll.` या खान्यात `2` टाकतात. ओडू वापरणाऱ्यांनी `Replenish on Order (MTO)` हा रूट खालच्या पार्टवरून काढावा आणि तिथे रीऑर्डरिंग रूल लावावा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण कोणत्या पार्टला काय हे ठरवायला डोकं लागतं आणि ते डोकं फॉरवर्डमधून येत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करतो, नाइलाजाने. तयार माल भरून ठेवणं हाही मूर्खपणाच होता. दाजींच्या कॅटलॉगमध्ये ४ फ्रेम साइज, १२ रेशो, ५ मोटर आणि ३ माउंटिंग, म्हणजे कागदावर ७२० प्रकार. काही जोड्या बसत नाहीत ते सोडा, तरी शेकडो उरतात. प्रत्येकाचा एक-एक नग ठेवला तरी कॅश क्रेडिटची लिमिट संपेल आणि बँकेने १२ टक्के लावले तर दर लाखामागे महिन्याला हजार रुपये नुसतं ठेवण्याचे जातात. आणि नेमका जो नग हवा तो नसतोच, ३० रेशोचा हवा असतो, रॅकवर ४० चा बसलेला असतो. एवढ्यापुरतं फॉरवर्डवाल्याचं बरोबर. पण यावरचा इलाज त्याने ज्याला नाटक म्हटलंय तोच आहे.

कारण आता तयार मोटरकडे न बघता पार्टकडे बघा. हाउसिंग ४, गिअर सेट ४८ (प्रत्येक फ्रेमला १२), मोटर ५, माउंटिंगचे पार्ट १२. एकूण ६९. ७२० चा अंदाज करण्यापेक्षा ६९ चा अंदाज करणं कितीतरी सोपं, आणि चुकला तरी तो गिअर सेट दुसऱ्या ऑर्डरला लागतो. आमच्या कोल्हापुरात मिसळवाला हेच करतो, कट आणि मटकी सकाळी तयार, प्लेट मात्र गिऱ्हाईक बसल्यावर लागते.

ईआरपीत त्याचं रूप असं. तयार मालाच्या एकेका प्रकाराचा फोरकास्ट टाकायचा नाही, फॅमिलीचा, म्हणजे एका फ्रेमच्या सगळ्या प्रकारांचा मिळून टाकायचा. समजा दोन नंबरच्या फ्रेमचे महिन्याला ४० नग जातात. त्यासाठी एक खोटी बीओएम, म्हणजे पार्टची यादी, करतात, तिला प्लॅनिंग बीओएम म्हणतात, ती कधी बनवायची नसते, फक्त टक्के धरायला असते. मागच्या विक्रीवरून २० रेशो ३५ टक्के, ३० रेशो २५ टक्के, ४० रेशो १५ टक्के, उरलेले नऊ रेशो मिळून २५ टक्के. मग गिअर सेटची मागणी आपोआप १४, १०, ६ आणि बाकीचे १० अशी पडते आणि एमआरपी, म्हणजे ईआरपीतला काय, किती, कधी लागेल याचा हिशोब, तेवढंच बनवायला सांगतो. असेंब्लीचं शेड्युल मात्र खऱ्या ऑर्डरवरून, वेगळं, दोन-तीन दिवसांचं. आणि ग्राहकाला तारीख देताना तयार माल आहे का हे न बघता त्या मोटरला लागणारे सगळे पार्ट आहेत का ते तपासायचं, जो सगळ्यात उशिरा येणार त्यावर तारीख.

आता चौथा मुद्दा, डेल. हे उदाहरण देणाऱ्यांनी एकदा तरी नीट वाचावं. २००४ साली इंटरफेसेस नावाच्या जर्नलमध्ये डेलच्या इन्व्हेंटरीवर एक पेपर आला, लिहिणाऱ्यांमध्ये डेलचीच माणसं होती. त्यात स्पष्ट आहे की डेलच्या ऑस्टिनच्या असेंब्ली प्लांटजवळ सप्लायरची गोदामं होती, त्यांना रिव्हॉल्व्हर म्हणत, आणि सप्लायरनी तिथे माल ठेवावा अशी डेलची अटच होती. का? कारण बरेचसे पार्ट आशियातून यायचे, विमानाने आठवडा, जहाजाने महिना. कॉम्प्युटर काही दिवसांत द्यायचा आणि पार्ट महिन्याने येणार, मग मधला माल कोणीतरी ठेवणारच ना? डेलने तो आपल्या वहीतून सप्लायरच्या वहीत ढकलला, इतकंच. आणि कोणता पार्ट किती ठेवायचा हे फोरकास्टवरूनच ठरायचं. म्हणजे डेल हे मेक-टू-ऑर्डरचं उदाहरणच नाही, ते असेंबल-टू-ऑर्डरचं आहे, तेच ते "नाटक". शिवाय २००७ मध्ये डेल वॉलमार्टमध्ये तयार कॉम्प्युटर ठेवून विकायला लागली, म्हणजे दुकानासाठी मेक-टू-स्टॉक. दाजींचा फाउंड्रीवाला त्यांच्यासाठी शिरोलीत स्वतःच्या पैशाने गोदाम भरून ठेवणार असेल तर खुशाल डेल व्हा.

मग दाजींना काय सांगितलं? हंगामात हमखास लागणारे सहा-सात प्रकार तयार ठेवा, ते सप्टेंबरपर्यंत बनवून मोकळे व्हा आणि मार्च उलटला की त्यांची पातळी खाली आणा. बाकी कॅटलॉग पार्ट ठेवून जोडा. आणि कोणी स्टेनलेसचा शाफ्ट किंवा वेगळ्याच मापाची फ्लँज मागितली तर खरं मेक-टू-ऑर्डर, तिथे २८ दिवस छातीठोकपणे सांगा, तो ग्राहक थांबतो कारण त्याला कुठेच तयार मिळत नाही.

"मग तीन दिवसात देतो असं उद्यापासून सगळ्यांना सांगू?" हा दाजींचा पुढचा प्रश्न. नाही हो दाजी, घाई नको. जोडून द्यायच्या पद्धतीची कळ वेगळ्या ठिकाणी आहे, एक पार्ट नसला तर बाकी तीन असून उपयोग नाही. हाउसिंग, गिअर सेट, मोटर, माउंटिंग या चारही गोष्टी प्रत्येकी ९५ टक्के वेळा हजर असतील तर चारही एकदम हजर असण्याची शक्यता साधारण ८१ टक्के येते, म्हणजे शंभरातल्या एकोणीस ऑर्डर लटकणार. प्रत्येकी ९९ वर नेलं तर ९६. त्यामुळे माउंटिंगच्या स्वस्त पार्टचा सेफ्टी स्टॉक सढळ हाताने वाढवा, मोटरसाठी डीलरकडून दोन दिवसांत मिळण्याची लेखी हमी घ्या, आणि तोवर ग्राहकाला सात दिवस सांगा.